‘इश्यू असेल तर या’: साखर कारखान्यात स्वतःची ओळख करून देताना

पुण्यात ऑटोमेशनच्या कंपनीत पाच वर्षं काढून मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून लागले. मुलाखत नीट झाली होती, कामाची भीती नव्हती. अडले ते ‘मॅडम, जरा तुमची ओळख करून द्या’ या एका वाक्याशी. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत ही ओळख मला वेगवेगळ्या लोकांपुढं करून द्यावी लागली, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच तीनदा तोंडघशी पडले. माझ्यासारखं कुणी शहरातून कारखान्यात, नगरपालिकेत, दूध संघात जात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

८ जुलैला हजर झाले. सकाळी आठला टाइम ऑफिस. सोबत मेडिकल फिटनेसचा दाखला (३०० रुपये), सहा फोटो (८० रुपये) आणि झेरॉक्सचा गठ्ठा. हजर रिपोर्ट हातानं लिहून द्यायचा होता. मी लिहिलं, ‘मी आज जॉईन झाले आहे.’ टाइमकीपरांनी कागद परत सरकवला आणि न बघता पाठ म्हणावं तसं सांगितलं: ‘आज दिनांक अमुक रोजी सकाळी कामाच्या वेळेपूर्वी मी आपल्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर या पदावर हजर झाले आहे, तरी मला हजर करून घ्यावे, ही विनंती.’ तेव्हा लक्षात आलं नाही, पण उत्तर त्या कागदावरच होतं. वाक्य सगळं मराठी, अगदी कार्यालयीन मराठी, आणि पदाचं नाव मात्र जसंच्या तसं इंग्रजी. ‘जॉईन’ त्यांना चाललं नव्हतं, ‘इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर’ चाललं होतं.

(जाता जाता: आधारवर मराठीत नाव जसं छापलंय तसंच सगळ्या फॉर्मवर लिहा. माझ्या आडनावात एक वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ झाली आणि पंचिंग कार्डाला अकरा दिवस लागले. तोवर मस्टरवर सह्या.)

९ जुलैला सकाळी अकरा वाजता खातेप्रमुखांची मीटिंग. कार्यकारी संचालक, म्हणजे सगळे ज्यांना एमडीसाहेब म्हणतात ते, चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, शेती अधिकारी, चीफ अकाउंटंट, लेबर ऑफिसर. मी आदल्या रात्री तयारी केली होती. पुण्यात क्लायंटपुढं बोलायचे तशीच. आठवतंय तेवढं असं: ‘हॅलो सर, मी बेसिकली ऑटोमेशन बॅकग्राउंडची आहे. माझा मेन फोकस डीसीएस आणि डेटा रिकव्हरीवर असेल. सध्याची प्रोसेस थोडी आउटडेटेड आहे, सो आय थिंक ती आपल्याला स्टेप बाय स्टेप चेंज करावी लागेल.’

चीफ केमिस्ट चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, ‘रिकव्हरी तुमच्याकडं कधीपासून आली? आणि प्रोसेस बदलायची म्हणजे आम्ही घरी जायचं का?’ दोन-तीन जण हसले. मी गोंधळले.

नंतर चीफ इंजिनिअरांनी केबिनमध्ये समजावलं. साखर कारखान्यात रिकव्हरी म्हणजे उतारा, शंभर किलो उसामागं किती साखर निघाली तो आकडा. तो केमिस्टचा जीव की प्राण. मी ‘डीसीएस’ म्हणाले होते ते यंत्रं स्क्रीनवरून चालवणाऱ्या संगणक यंत्रणेबद्दल आणि ‘डेटा रिकव्हरी’ म्हणाले होते ते नोंदी परत मिळवण्याबद्दल, पण ऐकणाऱ्याला फक्त रिकव्हरी ऐकू आलं. आणि ‘प्रोसेस’ हे तिथं खात्याचं नाव आहे. रस गरम करण्यापासून साखर पोत्यात पडेपर्यंतचं सगळं प्रोसेसकडं, आणि त्याचे प्रमुख चीफ केमिस्ट. म्हणजे मी दुसऱ्याच दिवशी, भर मीटिंगमध्ये, त्यांचं खातं जुनाट आहे आणि ते बदलावं लागेल असं जाहीर केलं होतं.

त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये आठेक जणांपुढं चीफ इंजिनिअरांनी उभं केलं. घाईत होते, म्हणून दोनच वाक्यं बोलले. शेवटचं होतं, ‘काही इश्यू असेल तर माझ्याकडं या.’ दुसऱ्या दिवशी सकाळी एक फिटर दारात. हातात स्टोअरची चिठ्ठी.

‘मॅडम, सही द्या.’

‘कशावर?’

‘इश्यू हाय की. दोन इंची गॅस्किट, चार नग. तुम्हीच म्हटलासा, इश्यू असंल तर या.’

स्टोअरमधून माल काढायचा म्हणजे तो ‘इश्यू’ करून घ्यायचा. कारखान्यात या शब्दाला दुसरा अर्थच नाही. सही करण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून बिचारा दोन जिने उतरून परत गेला. अडचण म्हणायला ‘अडचण’ हा चांगला धडधाकट शब्द असताना मी इश्यू का म्हणाले, याचं उत्तर माझ्याकडं नाही. सवय.

हे दोन प्रसंग झाल्यावर मी विरुद्ध टोकाला गेले. ठरवलं, शुद्ध मराठीत बोलायचं. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, ते काढले, जिथं मिळेना तिथं स्वतः शब्द जुळवले आणि दीड पान लिहिलं: उपकरण अभियंता, दाबमापक, तापमान संवेदक, नियंत्रण झडप, स्वयंचलित प्रणाली. मी ज्यांच्याकडं महिना साडेतीन हजारांवर खोली घेतली ते काका याच कारखान्यातून पॅनमन म्हणून, म्हणजे साखर शिजवणाऱ्या पॅनवरून, निवृत्त झालेले. त्यांना वाचून दाखवलं. काका शेवटपर्यंत शांत ऐकत होते. मग म्हणाले, ‘झडप म्हंजे व्हॉल्व्हच नव्हं?’

‘हो.’

‘मग व्हॉल्व्ह म्हणा की. मी अडतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवला, झडप काय फिरवली न्हाई.’

मला इथं कोशांवर टीका करायची नाही. निविदा, नोटीस, करार लिहिताना ते लागतातच, पुढं मलाही लागले. पण मिल हाऊसमध्ये उभं राहून ‘नियंत्रण झडप’ म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याला आधी तो शब्द मनातल्या मनात व्हॉल्व्हमध्ये फिरवून घ्यायला लावणं. तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं.

काकांनी गंमत अशी केली की उलट बाजूनंही मला पकडलं. मी ‘केन फीडर टेबल’ लिहिलं होतं, ते म्हणाले गव्हाण. ‘क्रशिंग’ला गाळप. ‘मोलॅसिस’ला मळी. पण बॉयलर, टर्बाइन, पॅन, व्हॅक्यूम, स्टीम, हे मात्र तसंच. म्हणजे इथं मराठी कुठं आणि इंग्रजी कुठं हे आधीच ठरलेलं आहे, माझ्या येण्याच्या कितीतरी वर्षं आधी. ढोबळ मानानं ऊस, शेतकरी आणि हंगाम यांच्याजवळचे शब्द मराठी राहिले, आणि जी यंत्रं नावासकट आली त्यांची नावं इंग्रजी राहिली. मला नवं काही ठरवायचं नव्हतं, ठरलेलं ऐकायचं होतं.

मग दहा-बारा दिवस मी कुठंच ओळख करून दिली नाही. चीफ इंजिनिअरांना तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. ओव्हरहॉलिंग चालू होतं, मिल उघडलेल्या, रोलर बाहेर काढलेले. मी वही घेऊन फिरायचे आणि लोक कसे बोलतात ते टिपायचे. सगळ्यात उपयोगी पडल्या त्या आकड्यांच्या नोंदी.

पुण्यात आम्ही बॉयलरचं प्रेशर ‘फॉर्टी फाइव्ह केजी पर सेंटीमीटर स्क्वेअर’ म्हणायचो. इथं ‘पंचेचाळीस किलो’. पॅनचा व्हॅक्यूम ‘पंचवीस इंच’. साडेतीन, पावणेदोन, दीड, हे सगळं मराठीत. पण ट्रान्समीटरचा, म्हणजे प्रेशर किंवा लेव्हल मोजून तारेनं कळवणाऱ्या उपकरणाचा, नंबर कुणीही मराठीत म्हणत नाही. स्क्रीनवर आणि पट्टीवर LT-101 लिहिलेलं असतं, ते ‘एलटी वन झिरो वन’. ‘एकशे एक’ एकदाही ऐकलं नाही. मला आधी हा नुसता सरमिसळीचा प्रकार वाटला. पण बॉयलरजवळच्या आवाजात फोनवर बोलून पाहिलं तेव्हा कारण कळलं. मराठी आकडा एका शब्दात संपतो, एकोणसत्तर की एकोणऐंशी हे अर्धवट ऐकू आलं की घोटाळा. मोजमाप चुकीचं ऐकलं तर माणसाला लगेच संशय येतो, कारण प्रेशर साधारण किती असतं हे त्याला ठाऊक असतं. नंबर चुकीचा ऐकला तर संशय यायला काही आधारच नाही, भलताच ट्रान्समीटर उघडला जाईल. म्हणून नंबर एकेक अंक सुटा, इंग्रजीत. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

बोली उचलायचा मोह मात्र मी आवरला. टाइम ऑफिसमधली माझ्याच वयाची मुलगी ‘मी सकाळी लवकर आलो’ म्हणते, इकडच्या बायका सर्रास म्हणतात आणि ते छान वाटतं. पण मी निफाडची. माझ्या तोंडी ‘आलो’ म्हणजे नक्कल वाटली असती, आणि नक्कल लोकांना ‘सो आय थिंक’पेक्षाही लवकर कळते. मी ‘आले’च म्हणत राहिले.

२२ जुलै, सकाळी सव्वाआठ. मिल हाऊसमध्ये चौतीस माणसं, बहुतेक माझ्यापेक्षा वयानं मोठी. मिल फोरमननी हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. हातात कागद घेतला नाही, तळहाताला घाम होता तेवढा पुरे होता. जे बोलले ते जवळजवळ जसंच्या तसं देते:

‘नमस्कार. मी मूळची निफाडची, पुण्याहून आलेय, आणि इथं इन्स्ट्रुमेंटला लागलेय. बॉयलरवर, मिलवर, पॅनवर जेवढे ट्रान्समीटर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह आहेत त्यांचं काम माझ्याकडं. गाळप सुरू व्हायच्या आत जुना पॅनेल निघून तिथं डीसीएस बसणार आहे. म्हणजे आज जे काट्यावर बघता ते स्क्रीनवर दिसेल. व्हॉल्व्हचं हँडव्हील आहे तिथंच राहणार. ऑटोला नीट चालत नसेल तर मॅन्युअलला घ्यायचं, आता घेता तसंच. तुमच्याकडून मला एक गोष्ट हवीय. कुठला ट्रान्समीटर खोटं बोलतो हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. ओव्हरहॉलिंग संपायच्या आत ते मला दाखवा. मी दुपारी दोननंतर कंट्रोल रूममध्ये असते.’

यात इंग्रजी शब्द कमी नाहीत, पण बघाल तर ते सगळे वस्तूंची आणि कामांची नावं आहेत. त्यांना जोडणारं सगळं, ‘म्हणजे’, ‘तर’, ‘आहे तिथंच राहणार’, हे मराठी. ‘ऑटोला’, ‘मॅन्युअलला’ हा ‘ला’ त्यांचाच. मी पूर्वी ‘ऑटो मोडमध्ये’ म्हणायचे. ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तिथं त्याला ‘सेटिंग’ म्हणतात, आणि सेटिंग म्हटलं की माझ्या मनातले बारकावे निसटतात. तो प्रश्न मी पुढं ढकलला, अजून सुटलेला नाही.

‘आपण’ की ‘आम्ही’, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. ‘आम्ही डीसीएस बसवणार’ म्हटलं की मी आणि बाहेरची कंपनी एका बाजूला आणि हे चौतीस जण दुसऱ्या बाजूला. ‘आपण बसवणार’ म्हणायला मी आलेच होते दोन आठवड्यांपूर्वी, कसली आपण. म्हणून ‘डीसीएस बसणार आहे’. मराठीत कर्ता गायब करायची सोय आहे ती वापरली. थोडी पळवाट होती, कबूल आहे.

एका ऑईलमननी ती पळवाट लगेच हेरली. ‘बसणार म्हंजे माणसं कमी हुणार काय?’ मी सांगितलं, तो निर्णय माझ्या हातात नाही, पण पॅनेलवर आज पाळीला दोघं आहेत आणि डीसीएसवरही दोघंच असतील असं मला सांगितलंय. यात मी एकही इंग्रजी क्रियापद येऊ दिलं नाही. अशा उत्तरात ‘ॲडजस्ट’, ‘मॅनेज’ असले शब्द आले की माणसं समजून जातात.

मग एका वयस्कर फिटर मिस्त्रींनी विचारलं, ‘काटा झिरोला गेला तर तुमाला बोलवायचं का?’ साधा प्रश्न, पण माझं सगळं काम त्यात होतं. ट्रान्समीटर तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर पाठवतो. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची लेव्हल शून्य टक्के असेल तेव्हा ४, अर्धी असेल तेव्हा १२, पूर्ण असेल तेव्हा २०. शून्याला ४ ठेवतात ते मुद्दाम. तार तुटली तर करंट ० होतो आणि ‘लेव्हल शून्य’ वेगळी, ‘बातमीच येत नाही’ वेगळी, हे ओळखता येतं. आमच्या डीसीएसवर अशा वेळी आकडा उणे २५ टक्क्यांवर जाऊन रंग बदलतो. पण फोनवर ऑपरेटर ‘झिरो दाखवतंय’ म्हणाला तर यातलं नेमकं काय? ड्रममधलं पाणी खरंच संपत आलंय आणि बॉयलर धोक्यात आहे, की नुसती तार तुटलीय?

हे मी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. ४, १२, २०, आणि बाजूला मोठं ०. मग विचारलं, या दोन झिरोंना दोन वेगळे शब्द हवेत, काय म्हणूया? इथं मात्र ‘म्हणूया’ आपोआप आलं. मी ‘सिग्नल लॉस’ सुचवणार होते. मिस्त्री म्हणाले, ‘लेव्हल गेली तर शून्य म्हणू. तार गेली तर मेला म्हणू.’ सगळे हसले, पण ठरलं तेच. शून्य आणि मेला.

त्या आठवड्यात अकरा ट्रान्समीटर मला दाखवले गेले. त्यातले सात खरंच खोटं बोलत होते.

२७ सप्टेंबरला संचालक मंडळापुढं ओळख झाली. तिचं थोडक्यात सांगते, कारण तिथं रीत ठरलेली असते. आधी परिचयाचं टिपण एमडींच्या पीएकडं द्यायचं. मी युनिकोडमध्ये पाठवलं, त्यांच्याकडं जुना फाँट, दोनदा पुन्हा टाइप झालं आणि चार दिवस गेले. तुम्ही आधीच विचारून घ्या. सुरुवात ‘मा. चेअरमनसाहेब, व्हाईस चेअरमनसाहेब, कार्यकारी संचालक आणि संचालक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य’ अशीच, याच क्रमानं. संबोधन ‘आपण’. मिल हाऊसमधलं ‘तुम्ही’ इथं उद्धट वाटेल आणि इथलं ‘आपण’ तिथं नाटकी. समोर सगळे ऊस उत्पादक, तेव्हा ट्रान्समीटर हा शब्द एकदाच वापरला आणि बाकी गाळप, बगॅस, स्टीम यांत बोलले. एका संचालकांनी विचारलं, ‘यानं उतारा वाढंल का?’ चीफ केमिस्ट माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, ‘उतारा प्रोसेसकडं आहे, त्याबद्दल चीफ केमिस्ट साहेबच सांगू शकतील. माझ्याकडून त्यांना आकडे वेळेवर आणि खरे मिळतील.’ त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते मला त्यांच्या टेबलावर चहाला बोलावतात.

ऑक्टोबरमध्ये हंगामी कामगार परतले. जुलैत फक्त कायम माणसं असतात हे माझ्या लक्षातच नव्हतं. म्हणून पुन्हा एकदा ओळख, या वेळी तीन पाळ्यांना तीनदा. पण खडूचा भाग मला करावा लागला नाही, तो मिस्त्रींनीच केला, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

गाळप सुरू होऊन नऊ-दहा दिवस झाले असतील. रात्री पावणेदोनला फोन वाजला. बॉयलरचा आवाज इतका की माणूस ओरडत होता.

‘मॅडम, एलटी वन झिरो वन मेला. शून्य न्हाई, मेला. गेज ग्लासला पाणी अर्ध्यावर हाय, मॅन्युअलला घेतलाय.’

मी स्कूटर काढली. केबल ट्रेमध्ये उंदरानं तार कुरतडली होती, सव्वातीनला जोडून झाली.